‘तुम्ही ग्रेट आहात’ म्हटलं आणि जपानी साहेब अवघडले! आभार मानताना नेमकं काय चुकतं?

बडोदा : मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं तंत्रज्ञान जपानी, आणि त्या मार्गावर आपलं बडोदाही आहे. शहराच्या आसपासच्या कारखान्यांतही जपानी यंत्रं आणि त्यांच्यासोबत येणारे जपानी इंजिनिअर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. नंदुरबार-नवापूरकडून इथे नोकरीला आलेल्या आपल्या मुलांना त्यांच्यासोबत काम करावं लागतं. कामाची भाषा जमते. अडतं ते आभार मानताना.

माझ्या ओळखीच्या एका मेंटेनन्स इंजिनिअरचा किस्सा सांगतो. त्यांच्याकडच्या एका पंपाचं बेअरिंग सारखं गरम व्हायचं. जपानी सहकारी दोन दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत थांबले. पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का, हे आपली माणसं यंत्र थंड असताना डायल गेजने बघत होती. यंत्र तापलं की धातू थोडा फुगतो आणि रेष सरकते. त्यामुळे थंड असताना बघून झाल्यावर यंत्र चालवून, तापल्यावर पुन्हा मोजा, हे त्यांनी करून दाखवलं. बेअरिंग शांत झालं.

आमच्या मित्राने खुशीत मेल टाकला, सगळ्या डिपार्टमेंटला आणि त्यांच्या वरिष्ठांनाही कॉपी ठेवून. आशय असा : ‘तुम्ही जीनियस आहात. इतका हुशार इंजिनिअर मी पाहिला नाही. तुम्ही आमचा कारखाना वाचवलात.’ उत्तर आलं दोन ओळींचं. काम तुमच्या शॉपफ्लोअरच्या माणसांनी केलं, माझा रिपोर्ट उशिरा आला त्याबद्दल माफ करा. मित्र म्हणाला, ‘अरे, मी कौतुक केलं आणि हा माफी काय मागतोय?’

यात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे ‘तुम्ही हुशार आहात’ हा निकाल झाला, आणि निकाल वरच्याने खालच्याला द्यायचा असतो. साहेबांचा अनुभव मित्रापेक्षा दुपटीचा. शिष्याने गुरुजींच्या वहीवर ‘शाब्बास’ लिहावं तसं ते झालं. जपानीत तर कामानंतर म्हणायचं ‘गोकुरोसामा’ वरिष्ठाने कनिष्ठालाच म्हणावं, उलट नाही, असा संकेत आहे. दुसरी गोष्ट, सगळ्यांसमोर एकट्याला उचललं की सोबतचे मागे पडल्यासारखे दिसतात. म्हणून त्यांनी श्रेय घाईघाईने वाटून टाकलं आणि वर स्वतःची एक चूक पुढे केली.

मग म्हणायचं काय? वरिष्ठांना जपानी माणूस म्हणतो ‘बेन्क्यो नि नारिमाशिता’, म्हणजे ‘मला शिकायला मिळालं’. बोलणारा स्वतःबद्दल बोलतो, कौतुक आपोआप पोचतं. दुसरा शब्द ‘ओकागेसामादे’. हा आपल्याला परका वाटू नये, कारण आपण म्हणतोच की ‘तुमच्यामुळे झालं बघा’. आपल्याकडेही जुन्या घरांत आईला ‘थँक्यू’ कोण म्हणायचं? आणखी एक पोळी मागितली की ती समजायची.

मित्राने पुढच्या आठवड्यात दुसरा मेल लिहिला, फक्त त्यांना : ‘तापल्यावर पुन्हा मोजायची पद्धत आता आमच्या दोन्ही शिफ्ट वापरतात. सोमवारपासून बेअरिंग गरम झालेलं नाही. दोन संध्याकाळी तुम्हाला उशीर झाला. मला यातून खूप शिकायला मिळालं.’ विशेषण एकही नाही. पण त्यांनी काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि त्यांना काय तोशीस पडली, हे तिन्ही आलं. या वेळी उत्तरात दुसऱ्या पंपाचं हाताने काढलेलं स्केच आलं, कुठे मोजायचं त्याच्या खुणांसह.

वरिष्ठांना कळवायचं असेल तर वेगळा मेल लिहावा, ‘तुम्ही त्यांना आमच्याकडे पाठवलंत, त्यामुळे हे काम झालं’. यात पाठवणाऱ्याचाही मान राहतो. आणि पुढच्या भेटीत सुरुवातीलाच ‘त्या दिवशी मदत केलीत, आभार’ हे पुन्हा म्हणायचं. आपल्याला वाटतं, एकदा मानले, संपलं. तिथे दुसऱ्यांदा न म्हटल्यास विसरलात असं वाटू शकतं.

‘छे छे, मी काहीच केलं नाही’ असं उत्तर आलं तर घाबरू नका, ती रीत आहे. फक्त ‘नाही हो, तुम्हीच केलंत’ म्हणून हट्टाने ताणू नका. विषयच बदलला किंवा माफी आली, तर समजा जरा जास्त झालं. मात्र आडून बोलायचं म्हणून आभारच गाळले तर ते त्याहून वाईट. आणि सगळे जपानी सारखे नसतात. बाहेरदेशी वर्षानुवर्षं राहिलेला तरुण ‘ग्रेट जॉब’ ऐकून खुशाल हसतो. तो स्वतः दुसऱ्याचे आभार कसे मानतो, ते दोन-चार मेलमध्ये बघा आणि आपला सूर त्याला लावा.