टवका काठालाच का उडतो?

इनॅमलचा जुना मग किंवा परात घरात कुठे असेल तर एकदा नीट निरखून पाहा. टवका उडालेला दिसतो तो बहुतेक काठाला, कानापाशी, नाहीतर चोचीच्या वळणावर. तळाचा सपाट भाग मात्र पांढराशुभ्र असतो. आदळआपट काठालाच जास्त सोसावी लागते हे खरं, पण तेवढंच कारण नाही. टवक्याच्या कडेला पांढऱ्याखाली काळपट निळा थर दिसतो आणि त्याखाली उघडा पडलेला पत्रा. वरचे दोन्ही थर काचेचे आहेत. लाल तापलेल्या पत्र्यावर वितळवलेली काच थंड झाल्यावरही पोलादाला धरून राहते, ती दोघांच्या प्रसरणाचा हिशेब आधीच मांडलेला असतो म्हणून.

तापवल्यावर वस्तू का वाढते, याचं शाळेतलं उत्तर असं: उष्णतेने अणू जास्त जोरात थरथरतात, म्हणून त्यांना जागा जास्त लागते. हे उत्तर अर्धवट आहे. झोका कितीही मोठा झाला, तरी तो दोन्ही बाजूंना सारखाच जात असेल तर त्याचा मध्य जागचा हलत नाही. मग शेजाऱ्यांमधलं सरासरी अंतर तरी का वाढावं?

खरं कारण दोन अणूंमधल्या बंधाच्या ऊर्जेच्या आलेखात आहे. आडव्या अक्षावर अणूंमधलं अंतर घ्या आणि उभ्या अक्षावर ऊर्जा. मग एक दरी दिसते. दरीचा तळ म्हणजे अणूंचं आवडतं अंतर. लोखंडात ते मिलिमीटरच्या सुमारे चाळीस लाखाव्या भागाएवढं असतं. पण या दरीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. अणू जवळ ढकलले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांवर चढू पाहतात आणि विरोध झपाट्याने वाढतो. ती बाजू कोकणकड्यासारखी उभी. अणू लांब ओढले तर ओढ हळूहळू सैल पडत जाते, म्हणून ती बाजू देशावरच्या उतारासारखी लांबलचक. तापमान वाढलं की अणू दरीत थोड्या वरच्या पातळीवर हेलकावे खाऊ लागतो. कड्याच्या बाजूला त्याला फारसं सरकता येत नाही, उताराच्या बाजूला तो लांबवर जातो. हेलकाव्याचा मध्य त्यामुळे बाहेरच्या अंगाला सरकतो. प्रसरण ते एवढंच. दरी दोन्ही अंगांनी सारखी असती, तर रेल्वेच्या रुळांत फट ठेवायची वेळ आली नसती.

बंध मजबूत असेल तर दरी खोल आणि अरुंद असते. तेवढ्याच उष्णतेने अणू तळाशीच घुटमळतो आणि मध्य कमी सरकतो. टंगस्टन 3422 अंशांना वितळतो आणि दर अंशाला दशलक्षात साडेचार भाग वाढतो. ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं आणि वाढतं दशलक्षात 23 भाग. वितळायला सोपं ते वाढायलाही सोपं, हा नियम धातूंना बऱ्यापैकी लागू पडतो.

काचेचं मात्र वेगळं आहे. निव्वळ वाळूपासून केलेली काच दशलक्षात जेमतेम अर्धा भाग वाढते. तिच्यातलं सिलिकॉन-ऑक्सिजनचं जाळं मजबूत तर असतंच, शिवाय पोकळही असतं. त्यातले ऑक्सिजन अणू आडवे झुलतात आणि शेजारच्या सिलिकॉनना उलट जवळ ओढतात. या जाळ्यात सोडा घातला की ते ठिकठिकाणी तुटतं, काच कमी तापमानाला वितळते आणि तिचं प्रसरणही वाढतं. इनॅमल बनवणाऱ्याच्या हातात जी चावी आहे ती हीच. सोडा आणि पोटॅश वाढवले की प्रसरण वर जातं, वाळू वाढवली की खाली येतं.

चावी कुठवर फिरवायची? काचेचं प्रसरण पोलादाइतकंच करावं, असं कुणालाही वाटेल. कसलेला कारागीर ते मुद्दाम थोडं कमी ठेवतो. भट्टी साधारण 800 ते 850 अंशांवर असते. तिथे काच पातळ होऊन पत्र्यावर पसरते आणि तळथरातल्या कोबाल्टच्या मदतीने पत्र्याला चिकटते. तो काळपट निळा रंग या कोबाल्टमुळेच येतो. बाहेर काढल्यावर सुमारे 500 अंशांपर्यंत काच मऊ असते. पत्रा आकसेल तशी तीही मुकाट्याने आकसते. त्याखाली ती गोठते आणि तिथून पुढे दोघांची गाठ पक्की बसते.

आता 30 सेंटिमीटरची ताटली घेऊ. 500 अंशांपासून खोलीच्या तापमानापर्यंत पोलादाचा प्रसरणांक सरासरी 13 धरला, तर पत्रा सुमारे 1.85 मिलिमीटर आकसतो. इनॅमलचा 10 असेल तर ते सुटं असताना 1.43 मिलिमीटरच आकसलं असतं. पण ते सुटं नाही. उरलेलं जवळजवळ 0.4 मिलिमीटर जाड पत्रा त्याला जबरदस्तीने आकसायला लावतो, आणि काचेचा थर कायमचा दाबाखाली राहतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक टन भरतो. काच दाब आरामात सोसते. तिला सोसत नाही ती ओढ, कारण ओढीने तिच्यावरचे बारीक ओरखडे उघडत जातात. दाबलेल्या काचेला ओढायचं तर आधी हा एक टन फेडावा लागतो. म्हणून ताटली थोडी वाकली तरी इनॅमल लगेच तडकत नाही.

हिशेब उलटा झाला, म्हणजे काच पत्र्यापेक्षा जास्त आकसू लागली, तर थरावर केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं. कधी भट्टीतून काढताच, कधी काही दिवसांनी. हिशेब हवा त्याच दिशेने पण फार झाला, तर टवके उडतात. सपाट भागावर दाब पत्र्याच्या पातळीतच राहतो. बाहेर वळलेल्या कडेवर मात्र दाबलेला थर कमानीसारखा वर उचलला जाऊ पाहतो. वळण जितकं तीव्र तितकी ही उचल जास्त. काठ, चोच आणि कानाचा सांधा इथे सगळ्यात तीव्र वळणं असतात, त्यामुळे लहानसा ठोका तिथे पुरतो. म्हणूनच काठाचा पत्रा गुंडाळून गोल करतात.

जुळणी बरोबर झाली की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. पातळ पत्र्याची पट्टी घ्यायची, एकाच बाजूला इनॅमल लावायचं आणि भाजायचं. थंड झाल्यावर पट्टी वाकते. इनॅमल बाहेरच्या, फुगीर अंगाला आलं तर ते दाबाखाली आहे. ते आतल्या अंगाला आलं तर ओढीखाली आहे आणि तो घाणा वाया गेला. प्रत्यक्ष भांड्याला दोन्ही बाजूंनी इनॅमल देतात त्याचं कारणही हेच. गंज रोखणं हा हेतू आहेच, पण एकाच बाजूला दिलं तर पातळ पत्रा वाकडाही होईल.

या साठवलेल्या दाबालाही मर्यादा आहे. भांडं तापलं की पत्रा काचेपेक्षा जास्त वाढतो आणि दाब सैल पडत जातो. 500 अंशांच्या आसपास तो उरतच नाही. रिकामं भांडं गॅसवर विसरलं आणि घाईने नळाखाली धरलं, तर पाण्याने काचेचा पृष्ठभाग एकदम आकसू पाहतो. ती ओढ नेमकी काचेची शिल्लक संपत आलेली असताना येते, आणि थर तडकतो. अशा भांड्याला हात न लावता ते ओट्यावर निवू द्यावं.

हेच इनॅमल ॲल्युमिनियमच्या पातेल्याला दिलं तर? 800 अंशांच्या भट्टीत पातेलंच वितळून जाईल. ॲल्युमिनियमसाठी साधारण 550 अंशांना पातळ होणारी आणि पोलादाच्या इनॅमलपेक्षा बरीच जास्त आकसणारी वेगळी काच लागते. सोडा आणि पोटॅश भरपूर घातले की या दोन्ही गोष्टी एकदमच साधतात. पण तुटक्या जाळ्याची ही काच आंबट पदार्थांपुढे कमजोर पडते, आणि कारखानदाराला प्रसरण जुळवताना ते नुकसानही मोजावं लागतं.