आम्ल संपतं, पण सामू सातवर थांबत नाही

शंकूपात्रात ॲसिटिक आम्ल आहे, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. वर ब्युरेटमधून तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं पडतंय. सगळं आम्ल अगदी नेमकं उदासीन होतं, तेव्हा पात्रात पाण्याशिवाय उरतं ते फक्त सोडियम ॲसिटेट. आता सामू, म्हणजे पीएच, सात यायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात तो ८.७ च्या आसपास भरतो.

याचं कारण ॲसिटेट आयनात आहे. सोडियम आयन पाण्यात नुसता असतो, कशाशी अभिक्रिया करत नाही. ॲसिटिक आम्ल मात्र सौम्य आहे, म्हणजे त्याचा हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. मग त्याचाच उरलेला भाग, ॲसिटेट, संधी मिळाली की पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन घेतो:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

मागे राहतो तो हायड्रॉक्साइड, आणि द्रावण आम्लारिधर्मी होतं. हेच जलअपघटन. मिठातला क्लोराइड असं करत नाही, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे. पाण्यात त्याचा हायड्रोजन क्लोराइडला धरून राहतच नाही.

उत्तरपत्रिकांत इथे एक वाक्य हमखास सापडतं: ‘सौम्य आम्लाचा आयन तीव्र आम्लारी असतो.’ ते चूक आहे, आणि आकडे मांडले की लगेच कळतं. आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही ०.१ मोलर घेतले, तर मिसळल्यावर घनफळ दुप्पट होऊन ॲसिटेट ०.०५ मोलर उरतो. जलअपघटनाचा स्थिरांक म्हणजे पाण्याचा आयनिक गुणाकार भागिले आम्लाचा स्थिरांक: १०⁻¹⁴ भागिले १.८×१०⁻⁵, साधारण ५.६×१०⁻¹⁰. याला ०.०५ नं गुणून वर्गमूळ काढलं की हायड्रॉक्साइडची संहती मिळते, ५.३×१०⁻⁶ मोलर. म्हणजे दहा हजार ॲसिटेट आयनांपैकी जेमतेम एकानं हायड्रोजन घेतला! पण शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला हायड्रॉक्साइड असतो अवघा १०⁻⁷ मोलर. त्याच्या पन्नासपट झाला की सामू ८.७ वर जाणारच.

प्रयोगशाळेत याचा थेट संबंध दर्शकाशी येतो. फिनॉल्फ्थॅलिन सामू ८.३ च्या पुढे गुलाबी होऊ लागतं, म्हणून ते इथे नेमकं बसतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या पट्ट्यात लाल सोडून पिवळं होतं. ते घातलं, तर जेमतेम तृतीयांश आम्ल उदासीन झालेलं असतानाच रंग पालटून जातो, तोही एका थेंबासरशी नाही, हळूहळू. रंग असा रेंगाळत बदलताना दिसला, की ब्युरेटचा आकडा वहीत लिहिण्याआधी बाटलीवरचं दर्शकाचं नाव पाहावं.