दसऱ्याची वाट पाहायला लावणारी जाहिरात

महाराष्ट्रात टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या दुकानांचा सणाचा हंगाम गणपतीपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चालतो. पण तो सलग नसतो. अनंत चतुर्दशीनंतर पितृपंधरवडा लागतो आणि नवी वस्तू घरात आणायची नाही म्हणून बरीच घरे हात आखडता घेतात. घटस्थापनेला बाजार पुन्हा जागा होतो. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तर दिवाळीचा पाडवा हा त्यातला अर्धा. ग्राहकाच्या मनात खरेदीची तारीख अशी आधीच ठरलेली असते. म्हणून या हंगामाच्या जाहिरातीचे खरे काम ग्राहकाला घाई करायला लावणे हे नसते. त्या तारखेपर्यंत त्याच्या मनात वस्तूची जागा पक्की करणे, हे ते काम असते.

बहुतेक दुकाने नेमके याच्या उलट करतात. ‘महाबचत’, ‘धमाका’, ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ अशी पत्रके गणपतीतच वाटली जातात. त्याने दोन प्रकारे नुकसान होते. शेजारच्या चार दुकानांवरही तेच शब्द असल्यामुळे वाचणाऱ्याला कोणते पत्रक कोणाचे हेच आठवत नाही. दुसरे नुकसान अधिक खोल आहे. ग्राहक प्रत्येक वस्तूची एक ‘खरी किंमत’ मनात धरून असतो. सूट वारंवार दिसू लागली की सुटीतली किंमत हीच त्याला खरी वाटू लागते आणि मूळ किंमत फुगवलेली. मग पुढच्या वर्षी तेवढीच सूट दिली तरी तो म्हणतो, ‘हे तर नेहमीचेच, अजून किती कमी करता?’ घासाघीस तिथून सुरू होते आणि दुकानदाराचा नफा दरवर्षी थोडा थोडा झिजतो.

वाट पाहण्यालाही किंमत असते, हे अर्थशास्त्रात तपासून पाहिलेले आहे. जॉर्ज लोवेन्स्टीन या अमेरिकी अभ्यासकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना विचारले, की आवडत्या सिनेतारकाकडून किंवा तारकेकडून चुंबन मिळण्यासाठी ते जास्तीत जास्त किती पैसे देतील. आत्ता मिळणार असेल तर किती आणि काही काळाने मिळणार असेल तर किती. लगेच मिळण्यापेक्षा तीन दिवसांनी मिळण्याला लोकांनी अधिक मोल दिले. मधल्या तीन दिवसांतली वाट पाहणे हाही त्यांच्या लेखी आनंदाचाच भाग होता. मात्र तो काळ फार लांबवला, तेव्हा हे मोल उतरत गेले. जाहिरात लिहिणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या: वाट पाहण्याला शेवट हवा, म्हणजे तारीख ठळक हवी, आणि वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू स्पष्ट उभी राहायला हवी.

हे प्रत्यक्षात कसे जमते, ते २०२५ च्या हंगामावरून नीट दिसते. त्या वर्षी पितृपंधरवडा २१ सप्टेंबरला संपला, २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि २ ऑक्टोबरला दसरा. त्यातच ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार होता आणि तोही बरोबर घटस्थापनेपासून. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराला या काळात ५५ इंचांचे टीव्ही विकायचे आहेत. त्याने चार टप्प्यांत लिहायचे.

पहिला मजकूर पंधरवडा सुरू होताच जातो. त्यात ना किंमत असते, ना ऑफर. ग्राहकाला फक्त एक काम सांगितलेले असते: ‘दसऱ्याला घरी टीव्ही आणायचा विचार आहे? मग आज फक्त टेप घ्या. ५५ इंचांच्या टीव्हीला भिंतीवर साधारण १२३ सेंटिमीटर रुंदी लागते, ४३ इंचांच्या टीव्हीला ९७. सोफा भिंतीपासून सात फुटांवर असेल तर ५५ इंच छान दिसेल. पाच-साडेपाच फुटांवर असेल तर ४३ पुरे. मोजून कागदावर लिहून ठेवा. खरेदीला अजून वेळ आहे.’ वाचणारा भिंत मोजतो, घरातले दोन-तीन जण त्यावर बोलतात, शोकेस सरकवावी लागेल का याची चर्चा होते. टीव्ही अजून दुकानातच असतो, पण त्याची जागा घरात ठरून गेलेली असते. शिवाय दुकानदाराने पंधरवड्याचा मानही राखलेला असतो.

दुसरा मजकूर आठवड्याभराने जातो आणि तो दुकानात बोलावतो, तेही स्पष्टपणे फक्त पाहायला: ‘मोजलेला आकडा घेऊन या. क्रिकेटचा सामना, बातम्या आणि जुना मराठी सिनेमा, तिन्ही एकाच टीव्हीवर लावून दाखवू. आवाज ऐकून घ्या, रिमोट आजोबांच्या हातात देऊन बघा. या दिवसांत आम्हीही विकण्याची घाई करणार नाही.’ डेमो पीसवर चकचकीत रंगांची कंपनीची फीत न लावता घरी खरोखर पाहिले जाते तेच लावणे, हे या मजकुराचे वचन आहे आणि ते पाळावे लागते. याच भेटीत ग्राहकाचे नाव, मोजमाप आणि पसंतीचा आकार वहीत नोंदवला जातो.

किंमत मात्र अजून राखून ठेवायची. इथे एक भेद कसोशीने पाळावा लागतो. जाहिरातीत किंमत मागे ठेवता येते, माहिती लपवता येत नाही. कोणी विचारले तर आजचा भाव सांगायचा आणि २२ तारखेला कर कमी होणार आहे, हेही आपण होऊन सांगायचे. जो दुकानदार हे न सांगता १५ तारखेला जुन्या दराने टीव्ही विकतो, तो एक विक्री मिळवतो आणि त्या घरची पुढची दहा वर्षे गमावतो.

तिसरा मजकूर घटस्थापनेच्या सकाळी जातो आणि इतके दिवस राखलेला आकडा उघड करतो. आकडा अचूक हवा, कारण नेमक्या इथेच त्या हंगामात चूक होण्याची शक्यता मोठी होती. कर दहा टक्क्यांनी कमी झाला म्हणून टीव्ही दहा टक्क्यांनी स्वस्त होत नाही. करासह ६४,००० रुपयांच्या टीव्हीची मूळ किंमत ५०,००० असते आणि त्यावर २८ टक्क्यांप्रमाणे १४,००० कर. नव्या दराने कर ९,००० होतो, म्हणजे टीव्ही ५९,००० ला पडतो. बचत ५,००० रुपयांची, ६४,००० च्या आठ टक्क्यांहूनही थोडी कमी. शिवाय फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर आधीपासूनच १८ टक्के कर होता, त्यामुळे ‘सगळेच स्वस्त’ असे लिहिणे खोटे ठरले असते. प्रामाणिक मजकूर असा होतो: ‘हा टीव्ही कालपर्यंत ६४,००० ला होता, आजपासून ५९,००० ला. ही आमची सूट नाही. सरकारने कर कमी केला, तो पूर्ण तुमच्यापर्यंत आला. आमच्याकडून भिंतीवर बसवून देणे आणि जुना टीव्ही उतरवून नेणे.’ सूट आपली नाही असे सांगणाऱ्या दुकानदाराचे पुढचे वाक्य ग्राहक विश्वासाने वाचतो.

चौथा मजकूर फक्त नोंदणी केलेल्यांसाठी असतो आणि तो दसऱ्याच्या दोन दिवस आधी जातो: ‘तुमचा टीव्ही दुकानात आला आहे. दसऱ्याला सकाळी ९ ते ११ की दुपारी ४ ते ६, कोणती वेळ सोयीची? फिटिंगचा माणूस सोबत येईल. टीव्हीच्या जागेजवळ प्लग चालू आहे ना, एवढे बघून ठेवा.’ विक्री खरे तर आधीच झालेली असते. तरीही हा मजकूर टाळू नये, कारण पैसे भरल्यापासून वस्तू घरी येईपर्यंतचा काळ हाही वाट पाहण्याचाच असतो आणि ग्राहक शेजाऱ्यांशी बोलतो तो याच दिवसांत.

हे चार मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर एक व्यवहारी मर्यादा आहे. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जणच बसतात आणि ज्यांनी दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून बिल देताना नंबर जतन करून घेण्याची सवय हंगामाच्या कितीतरी आधी लावावी लागते. चारांपेक्षा जास्त संदेश पाठवू नयेत. रोज ‘आता फक्त पाच दिवस, आता फक्त चार दिवस’ असे येऊ लागले की उत्सुकतेचा कंटाळा होतो.

या पद्धतीला सर्वांत मोठा धोका रिकाम्या गोदामाचा आहे. तीन आठवडे वाट पाहायला लावून दसऱ्याला ‘तो मॉडेल संपला, हा घ्या’ म्हणणे हे ओरडून सूट देण्यापेक्षा वाईट, कारण अपेक्षा वाढवलेली असते. कायद्यालाही ते मान्य नाही. फसव्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहीर केलेल्या किंमतीला माल मिळण्याची वाजवी शक्यता असावी लागते आणि नग मोजकेच असतील तर ते जाहिरातीतच सांगावे लागते. अटी व खुलासेही दाव्याच्याच भाषेत द्यावे लागतात. मराठी पत्रकाच्या तळाशी बारीक इंग्रजीत अटी छापणे त्यात बसत नाही. ‘शेवटचे दोनच नग’ अशी खोटी घाई दाखवणे २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक तत्त्वांत निषिद्ध ठरले आहे. ‘आमच्याकडे या मॉडेलचे २० नग आहेत, नोंदणीच्या क्रमाने मिळतील’ हे वाक्य खरे असेल तर कायद्यातही बसते आणि ग्राहकालाही पुरेशी निकड जाणवते.

मजकूर काम करतो आहे की नाही, हे काउंटरवरच्या पहिल्या प्रश्नावरून कळते. ग्राहक आल्या आल्या ‘शेवटचा भाव काय?’ विचारत असेल, तर जाहिरातीने त्याला किंमतीपलीकडे काहीच दिलेले नाही. तो ‘आमची भिंत ११० सेंटिमीटर आहे, मग ४३ च घ्यावा का?’ असे विचारू लागला, तर पहिला मजकूर घरात पोचला आहे. दुसरी खूण वहीत सापडते: घटस्थापना ते दसरा या काळात विकलेल्या टीव्हींपैकी किती जणांची नावे आधीच्या भेटीत नोंदवलेली होती, ते मोजावे. नोंदी भरपूर आणि विक्री थोडी असेल, तर उघड केलेली किंमत तेवढ्या प्रतीक्षेच्या तोलाची नव्हती. नोंदीच थोड्या असतील, तर दोष पहिल्या दोन मजकुरांचा. दसरा ते पाडवा या २० दिवसांत तो दुरुस्त करायला आणखी एक संधी मिळते, कारण बघून गेलेली पण न घेतलेली नावे वहीत असतातच. त्यांना पाडव्यासाठी लिहिताना भिंतीचे माप पुन्हा विचारायचे नाही. त्यांच्या मापाला बसणारा टीव्ही कोणता आणि तो कोणत्या तारखेला घरी येऊ शकेल, एवढेच सांगायचे.