सात सह्या पुरतात का?

कारखान्याच्या गेटबाहेरच्या टपरीवर हमखास ऐकू येणारं वाक्य : "सात जणांनी सह्या केल्या की युनियन झाली!" अर्धं खरं आहे. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात, पण सभासदसंख्येची अट वेगळी आहे. आस्थापनेतल्या एकूण कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत, आणि सातच्या खाली तर कधीच नाही.

समजा, कारखान्यात ४०० कामगार आहेत. तर ४० सभासद लागतील आणि सातच सभासद असतील तर अर्ज परत येईल. दीड हजार असतील तर १५० नव्हे, १००च पुरतात. साठांच्या वर्कशॉपमध्ये १० टक्के म्हणजे सहा होतात, पण तिथेही सातच हवेत. ही संख्या नोंदणीच्या दिवसापुरती नसते, नंतरही टिकवावी लागते. कंत्राट संपून माणसं गेली आणि आकडा खाली आला, तर नोंदणी धोक्यात येते.

१९२६ च्या कायद्यात २००१ साली ही अट आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. आणि "जुनी नोंदणी आता रद्द, पुन्हा अर्ज करा" हेही खरं नाही. जुन्या कायद्याखालची वैध नोंदणी नव्या संहितेखाली झाली असंच धरलं जातं.

नियमावली ही नुसती औपचारिकता, असं समजून दुसऱ्या युनियनची प्रत उतरवून नाव तेवढं बदलणारे बरेच. मग निबंधकांचा शेरा येतो. निधी कशावर खर्च करायचा, वर्गणी किती, पदाधिकारी कसे निवडायचे, हिशेब कोण तपासणार, नियम कसे बदलायचे आणि संघटना विसर्जित कशी करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं लागतं. विसर्जनाचं कलम हमखास राहतं. बारशाच्या दिवशी तेराव्याचं कोण बोलणार!

खरी गडबड वार्षिक विवरणपत्रात होते. खजिनदार सवयीने मार्चअखेरचे हिशेब काढून बसतो. इथलं वर्ष मात्र ३१ डिसेंबरला संपतं. त्या दिवसापर्यंतचा जमाखर्च तपासून घ्यायचा, मालमत्ता आणि देणी दाखवायची, आणि वर्षभरात पदाधिकारी किंवा नियम बदलले असतील तर तेही कळवायचं. वर्षभर एकही सभा झाली नाही, वर्गणी जमली नाही, तरी विवरणपत्र चुकत नाही. फार तर रकमांच्या जागी शून्य येईल. ते न भरल्यास दंड होऊ शकतो. नोंदणी रद्द करण्याआधी मात्र कारण देऊन किमान ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून निबंधकांचं पाकीट न फोडता कपाटात टाकू नये.

आणि प्रमाणपत्र हाती आलं म्हणून मालकाला तुमच्याशी वाटाघाटी कराव्याच लागतात, असंही नाही. कारखान्यात एकाहून अधिक युनियन असतील तर संहितेप्रमाणे एकट्याने वाटाघाटी करण्याचा मान हजेरीपटावरच्या किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला मिळतो. चारशेंच्या कारखान्यात नोंदणी चाळिसांवर होईल. मालकासमोर एकट्याने बसायला २०४ जण लागतील.