पावसाळ्यात फ्रिजला सुटणारा घाम

आषाढ लागला की रत्नागिरीत मला येणाऱ्या फोनांची तक्रार बदलते. मे महिन्यात लोक सांगतात, फ्रिज थंड करत नाही. जुलैत सांगतात, फ्रिजला बाहेरून पाणी सुटलंय. फ्रिजदुरुस्तीच्या धंद्यात असल्यामुळे दोन्ही तक्रारींसाठी मी जातो, पण दुसरीच्या वेळी हत्यारांच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हरच्या आधी दोन गोष्टी टाकतो: हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि पृष्ठभागाचं तापमान लांबून मोजणारा थर्मामीटर. बहुतेक घरांत तेवढ्यावर काम भागतं.

मांडवीच्या बाजूला एका काकूंकडे गेलो होतो. दोन दारांचा, वर फ्रीझर असलेला फ्रिज. वरच्या दारावर बारीक थेंबांची जाळी पसरलेली, कडेला थेंब एकमेकांना मिळून ओघळायला लागलेले. खालचं दार मात्र कोरडं. "गॅस गेला असेल ना रे?" काकूंनी विचारलं. कुणीतरी आधी येऊन, गॅस भरावा लागेल, असं सांगून गेलं होतं.

मी आधी फ्रीझर उघडला. ट्रेमधला बर्फ कडक होता, मासळीची पाकिटं गोठलेली होती. गॅस गळला असता तर सगळ्यात आधी हा थंडावा कमी झाला असता आणि कॉम्प्रेसर बंद होण्याचं नाव न घेता चालत राहिला असता. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, वापरून संपत नाही. गळती असेल तरच कमी होतो. बाहेर थेंब आहेत आणि आत सगळं नीट गोठतंय, तर त्या थेंबांवरून गॅस भरायचा प्रश्नच येत नाही.

मग थेंब कशाचे? स्वयंपाकघरात तापमान २८ अंश होतं आणि आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू येतो २६.२ अंश. म्हणजे जी वस्तू २६.२ अंशांपेक्षा थोडीही गार असेल, तिच्यावर हवेतली वाफ पाणी होऊन बसणारच. आता दाराचं बघू. फ्रीझरच्या आत उणे १८ अंश, बाहेर २८. मध्ये पाच-सहा सेंटिमीटर फोम. फोम चांगला असला तरी थोडी उष्णता आत जातेच आणि त्यामुळे दाराचा बाहेरचा पत्रा खोलीपेक्षा साधारण दोन अंश गार राहतो. खालच्या कप्प्यात चार अंश असतात, फरक निम्मा, म्हणून तिथला पत्रा जेमतेम एक अंशाने गार. मोजलं तर वरचं दार २५.९ भरलं, खालचं २६.८. एक दवबिंदूच्या खाली, एक वर. एक ओलं, एक कोरडं. (चकचकीत पत्र्यावर हा थर्मामीटर चुकीचा आकडा देतो. म्हणून दार पुसून त्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा.)

लोकांना वाटतं पावसाळ्यात हवेत पाणी खूप वाढतं म्हणून हे होतं. ते अर्धंच खरं आहे. मे महिन्यात दुपारी ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २५.५ येतो, म्हणजे जुलैच्या जवळपासच. पण तेव्हा खोलीच ३३ अंशांवर असल्यामुळे दाराचा पत्रा ३१ च्या आसपास राहतो आणि दवबिंदूपासून पाच अंश लांब असतो. जुलैत खोली गार होते, पत्राही गार होतो आणि दवबिंदू मात्र तिथेच थांबलेला असतो. मधलं अंतर संपतं. तोच फ्रिज, तोच फोम, बिघाड काहीच नाही.

हे कंपन्यांनाही माहीत असतं. म्हणून बऱ्याच फ्रिजमध्ये दोन दारांच्या मधल्या पट्टीतून गरम गॅसची नळी फिरवलेली असते, किंवा बारीक हीटर बसवलेला असतो, कारण रबराजवळची ती जागा सगळ्यात गार. कॉम्प्रेसर चालू असताना त्या पट्टीला हात लावला तर ती कोमट लागायला हवी. काकूंकडे लागली. पावसाळ्यात कॉम्प्रेसरला काम कमी पडतं, त्यामुळे ही ऊबही कमी मिळते, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज जास्त असते.

काकूंच्या घरात अडचण जागेची होती. फ्रिज कोपऱ्यात सरकवून ठेवलेला, एका बाजूला भिंत, दुसरीकडे धान्याचं कपाट आणि दोन हातांवर शेगडी, जिच्यावर सकाळी भात नि पेज. हवा हलत नसेल तर पत्र्याला खोलीची ऊब मिळत नाही आणि तो आणखी गार होतो. आम्ही फ्रिज वीतभर पुढे ओढला, कपाट बाजूला केलं, थर्मोस्टॅटची चकती शेवटच्या आकड्यावर होती ती मधल्या आकड्यावर आणली आणि स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. दुपारपर्यंत दार सुकलं. आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली की पुन्हा ओलं होईल, तेव्हा फडक्याने पुसायचं. पुसणं टाळू नका, विशेषतः दाराच्या खालच्या कडेला. खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो.

खरा बिघाड असतो तेव्हा थेंब वेगळे वागतात. रबर फाटलं किंवा कडक झालं असेल, तर पाणी त्याच एका कोपऱ्यात दिसतं आणि आतही त्या बाजूला बर्फ साचतो. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघा. सगळीकडे अडखळत निघाली आणि एकाच ठिकाणी सहज सुटली, तर दोष तिथे. कधी नुसतं रबर मळलेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्याने धुतलं की पकड परत येते.

दुसरा दोष फोमचा. २०२१ च्या जुलैत चिपळूण पुरात बुडालं, त्यानंतर तिथले पाण्यातून निघालेले फ्रिज माझ्याकडे आले. एकाचा कॉम्प्रेसर बदलून झाला, थंडावाही आला, पण डाव्या बाजूला खाली ताटाएवढा एक डाग सतत ओला राहायचा. जानेवारीतल्या कोरड्या हवेतही. कोरडा तळहात फिरवला की आजूबाजूचा पत्रा ठीक आणि तेवढा भाग गार लागायचा. आतल्या फोममध्ये पाणी शिरलं होतं आणि ओला फोम थंडी अडवत नाही. त्यावर घरी उपाय नाही. पत्रा उघडून फोम बदलण्यापेक्षा फ्रिज बदललेला स्वस्त पडतो, हे मला त्या माणसाला सांगावं लागलं. दारावर सगळीकडे सारखे थेंब आणि तेही फक्त पावसाळ्यात, तर हवामान. एकाच जागी आणि बारा महिने, तर फोम. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचून दारातून टपकत असेल, तर मात्र तो घामच नव्हे, आतली निचऱ्याची नळी तुंबलेली आहे.

आणि ओल्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या, झिणझिणी जाणवली, तर पुसत बसू नका. फ्रिजला न शिवता भिंतीवरचं बटण बंद करा, कोरड्या हाताने पिन काढा आणि वायरमनला बोलावून आधी त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. ते नीट निघालं, तर मग मला फोन करा, आतली वायर कुठे उघडी पडली आहे ते शोधायला मी येतो.