गृहपाठाची मुदत

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी सायंकाळी गृहपाठावरून जो कलह माजतो, त्याचे खापर सामान्यतः मुलाच्या आळसावर किंवा आईबापांच्या अधीरतेवर फोडले जाते; परंतु अशा कलहांचे निरीक्षण ज्या मानसशास्त्रज्ञांनी केले, त्यांना स्वभावदोषापेक्षा निराळेच कारण आढळले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी निरीक्षक पाठवून आईबाप व मुले यांच्यातील क्षणाक्षणाच्या व्यवहाराची नोंद करविली, आणि 1982 मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा मुख्य विषय आक्रमक मुले हा असला, तरी त्यांनी उलगडून दाखविलेले चक्र गृहपाठाच्या प्रसंगी सामान्य घरातही ओळखू येण्यासारखे आहे.

आई अभ्यासाला बसण्यास सांगते, मूल कुरकुरते. आई पुन्हा तगादा लावते, आवाज चढतो, मूल रडू लागते. आणि अखेर कंटाळून आई म्हणते, ‘बरं, राहू दे, जेवण झाल्यावर बघू.’ त्या क्षणी मुलाच्या मानेवरचे जोखड उतरते आणि आईच्या कानावरचे रडणे थांबते, म्हणजे सुटका उभयतांची होते. आणि ज्या कृतीमागून सुटका होते ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, हा वर्तनशास्त्राचा सिद्ध नियम असल्यामुळे मूल रडण्यास आणि आई माघार घेण्यास शिकते. दुसऱ्या दिवशी वडील ओरडतात, मूल निमूट बसते, आणि वडीलही ओरडण्यास शिकतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, आणि म्हणूनच केवळ उपदेशाने हे चक्र थांबत नाही.

या चक्राला सर्वांत मोठी सवड मिळते ती गृहपाठाला ठरलेला शेवट नसल्यामुळे. ‘पूर्ण होईपर्यंत उठायचे नाही’ असा हुकूम असला की आठ वर्षांच्या मुलाला पुढ्यात अमर्याद काळ दिसतो. आणि त्याने लवकर आटोपलेच, तर ‘झालं ना? मग आणखी पाच गणितं कर’ असे म्हणून त्याच्या तत्परतेलाच शिक्षा होते. तेव्हा पहिली सुधारणा ही की, गृहपाठ कामाने न मोजता वेळेने मोजावा. शाळेच्या दप्तरासंबंधी केंद्र शासनाने 2020 मध्ये जाहीर केलेल्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांना आठवड्यास फार तर दोन तासांचा द्यावा, असे म्हटले आहे. पाच दिवसांवर वाटल्यास ही मुदत रोजची 24 मिनिटे होते. एवढ्याने मूल मागे पडेल, या भयाला आधार थोडा आहे: अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनी तेथील पूर्वीच्या अनेक संशोधनांचा 2006 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि शालेय यश यांचा संबंध सातवी व त्यापुढील विद्यार्थ्यांत अधिक दृढ आणि त्याखालच्या इयत्तांत पुष्कळच क्षीण आढळला.

आता तिसरीतील एका मुलीचा दिवस घेऊ. शाळा सकाळची, आणि घरी आलेला गृहपाठ असा: गुणाकाराची दहा उदाहरणे, शुद्धलेखनाचे एक पान आणि सातचा पाढा. आरंभासाठी घड्याळातील वेळेपेक्षा रोज घडणारी घटना अधिक उपयोगी पडते. म्हणून दुपारची झोप व दूध झाले की अभ्यास, आणि अभ्यास संपला की खेळ, असा शिरस्ता पाडावा, म्हणजे बोलावण्याचे काम आईकडे न राहता दुधाच्या पेल्याकडे जाते. जागा ठरलेली असावी, आणि पेन्सिल, खोडरबर व वह्या आधीच तेथे असाव्यात. पहिली 10 मिनिटे गणिताची. मग तीन मिनिटे उठून पाणी पिण्याची, मात्र त्यात मोबाइल नाही, कारण त्याच्यापासून परतणे हेच नवे भांडण होते. नंतर 10 मिनिटे शुद्धलेखन, आणि शेवटची चार मिनिटे पुस्तक मिटून पाढा, तोही क्रम मोडून विचारलेला. रविवारी एकदम अर्धा तास घोकण्यापेक्षा रोजची ही चार मिनिटे अधिक टिकतात; विभागून केलेल्या पाठांतराचा हा गुण हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवरील प्रयोगांनी दाखवून दिला होता.

गजर झाला की वही मिटावी, मग दहापैकी सहाच उदाहरणे झालेली असोत. मूल मध्येच जागा सोडून गेले तर घड्याळ थांबवावे. बसून राहिले तर न बोलता चालू द्यावे. अपुऱ्या कामाखाली आईने एवढेच लिहावे: ‘बाई, ठरलेल्या वेळेत सहा उदाहरणे झाली; हातच्यापाशी अडचण येते.’ ही तजवीज बाईंशी आधी बोलून ठरविलेली असावी, नाहीतर मुलीला वर्गात विनाकारण बोलणी बसतील.

आईने जवळ आपले काम घेऊन बसावे आणि उत्तर सांगू नये, परंतु चुका वाचाव्यात. 27 गुणिले 4 याचे उत्तर 108. मुलीने 88 लिहिले असेल, तर चार साती अठ्ठावीसमधला दोन हातचा ती मिळवायला विसरली. 168 लिहिले असेल, तर तिने तो हातचा आधीच दोनमध्ये मिळवून मग चारने गुणले. पहिल्या चुकीला आठवण पुरते, दुसरीला पद्धत नव्याने समजावावी लागते. एकच चूक सहाही उदाहरणांत दिसली, तर उरलेली चार सोडविण्याने ती केवळ पक्की होईल, आणि ही गोष्ट बाईंना कळणे दहा उत्तरांहून मोलाचे आहे.

हा क्रम सुरू झाल्यावर पहिले काही दिवस कुरकुर कमी न होता वाढण्याचा संभव असतो, कारण जे रडणे पूर्वी फळत होते, ते फळेनासे झाले की मूल प्रथम अधिक जोराने रडून पाहते. हीच परीक्षेची वेळ होय: चौथ्या दिवशी सवलत दिली, तर पुरेसे रडल्यास यश येते, एवढाच धडा मूल शिकते आणि सवय पूर्वीपेक्षा चिवट होते. सुधारणा ओळखण्यासाठी दूध संपणे व पेन्सिल कागदाला टेकणे यांतील अंतर रोज टिपून ठेवावे. ते आठवड्यागणिक घटत असेल, तर शिरस्ता रुजत आहे.

महिनाभर नियम पाळूनही मूल अक्षरे उलटसुलट लिहीत असेल, फळ्यावरचे चुकीचे उतरवीत असेल किंवा वाचताना ओळ हरवीत असेल, तर दोष शिस्तीत शोधू नये; प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत, आणि वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमतेविषयी शाळेमार्फत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इतरांनी उद्यापासून मुलाच्या गृहपाठाला मुदत घालावी, आणि ती मुदत मुलाच्या आधी स्वतः पाळावी.