तीन लाखांचा फरक हातात किती उरतो?

माझ्या भाचीला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्यांची पत्रं आली. नाशिकच्या कंपनीचं वार्षिक पॅकेज ६ लाखांचं होतं आणि ती घरी राहूनच तिथे जाणार होती. पुण्यात हिंजवडीची कंपनी ९ लाख देत होती. "मावशी, महिन्याला पंचवीस हजार जास्त. यात विचार काय करायचा?" ती म्हणाली. मी तिला दोन्ही पत्रांचं शेवटचं पान काढायला सांगितलं. पगाराची फोड तिथे असते.

पत्रावर ठळक छापलेला आकडा म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च. त्यातला बराच भाग दरमहा खात्यात येत नाही. दोन्ही पत्रांत मूळ पगार सीटीसीच्या निम्मा होता. त्याच्या १२ टक्के पीएफ कंपनी भरते आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीसाठी धरते. दोन्ही रकमा सीटीसीतच मोजलेल्या होत्या. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्यावरच मिळते. उरलेल्यातून आपल्या वाट्याचा १२ टक्के पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणून तो प्रश्न दोन्हीकडे नव्हता. पण याच प्रणालीत घरभाड्याची सवलतही नाही. त्यामुळे पुण्यातलं भाडं करातून काही परत देणार नव्हतं.

पुण्याच्या पत्रात आणखी एक ओळ होती: ९० हजार रुपये व्हेरिएबल. म्हणजे वर्षाअखेरी, कंपनीच्या आणि आपल्या कामगिरीवर अवलंबून. दरमहाच्या हिशेबातून तो मी बाजूला काढला. मग नाशिकला हातात सुमारे ४२,६०० येत होते आणि पुण्यात ५६,५००. पंचवीस हजारांचा फरक चौदा हजारांवर आला होता, आणि अजून घर सोडलेलंही नव्हतं!

आता खर्च. नाशिकला ती घरात ६ हजार देणार होती आणि स्कूटीच्या पेट्रोलला हजारभर पुरे होते. हातात उरत होते ३५,६००. पुण्यात वाकडला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेतला तर तिच्या वाट्याला १२ हजार भाडं येणार होतं. जेवणाचे साडेसहा हजार, वीज, इंटरनेट आणि कामवाल्या मावशींचे मिळून दोन हजार, ऑफिसला जाण्यायेण्याचे दीड हजार. शिवाय महिन्यातून दोनदा नाशिकला येण्याचे दोन हजार. हे तिने धरलेच नव्हते. मी म्हटलं, आईला भेटायला येशील ना? मग ते मांड. असे चोवीस हजार गेले आणि उरले ३२,५००.

स्थलांतराचा खर्च एकदाच होतो, म्हणून तो मनातून निसटतो. ब्रोकरेजचे तिच्या वाट्याचे १२ हजार, भाडेकराराचे हजार, टेम्पोचे सहा, गादी-कपाट-भांड्यांचे पंधरा: एकूण ३४ हजार. दोन वर्षं तिथे राहायचं धरलं तर महिन्याला चौदाशे. राहणं वर्षाचंच झालं तर हा आकडा दुप्पट होतो. डिपॉझिटचे २४ हजार मी यात धरले नाहीत, कारण ते परत मिळतात. पण पहिल्या पगाराआधी ते हातात असावे लागतात, आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली कापले जाणार नाहीत ना, हे करारात पाहून घ्यावं.

म्हणजे पुण्यात उरणारे ३१,१००, नाशिकपेक्षा साडेचार हजारांनी कमी. तिचा चेहरा उतरला. पण हिशेब इथे थांबवला तर तो पुण्यावर अन्याय झाला असता. पुण्यात पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला तीन हजार जास्त साठतात आणि तो पैसा तिचाच आहे. (काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या पगारावरच, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात, तेव्हा हातात जास्त येतं आणि साठतं कमी.) व्हेरिएबल अर्धा जरी मिळाला तरी महिन्याला पावणेचार हजार पडतात. दोन्ही जमेस धरले की पुणं सव्वादोन हजारांनी पुढे जातं. व्हेरिएबल शून्य आला तर दीड हजारांनी मागे. पुढच्या नोकरीत पगारवाढ नऊ लाखांवर मोजली जाईल, हा पुण्याचा खरा फायदा मला वाटतो, पण तो या कागदावर मांडता येत नाही.

तिने नकारही दिला नाही आणि होकारही. पुण्याच्या एचआरला दोनच प्रश्न लिहिले: गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिला गेला, आणि स्थलांतराचा खर्च कंपनी देते का? उत्तर आलं. व्हेरिएबल ७० टक्क्यांच्या आसपास मिळाला होता आणि स्थलांतरासाठी ३० हजार मिळणार होते. मात्र वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ते परत करायचे. तिने ती अट पत्रात लेखी मागून घेतली आणि मगच सही केली.